अमेरिकेत नोकरीला आल्यावर बँक, क्रेडिट आणि भारतातलं खातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर भारतातून अमेरिकेत आलेल्या लोकांकडून पहिल्या वर्षभरात जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण प्रश्न पडतात तसाच आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोशल सिक्युरिटी नंबर अजून आलेला नाही. तोपर्यंत बँकेत खातं उघडता येतं का?

येतं. खातं उघडताना नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक एवढं घेणं बँकेला कायद्याने बंधनकारक आहे. परदेशी नागरिकासाठी हा क्रमांक पासपोर्टचा असला तरी चालतो. अडचण येते ती बँकेच्या स्वतःच्या नियमांची. ऑनलाइन अर्ज सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यापाशी अडतो आणि पुढे सरकत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की बँकेनेच नकार दिला. अशा वेळी अपॉइंटमेंट घेऊन शाखेत जावं. फोनवर आधीच विचारून घ्यावं, "नवीन आलेल्या व्हिसाधारकाचं खातं पासपोर्टवर उघडता का?" एकाच बँकेची एक शाखा नाही म्हणते आणि दुसरी अर्ध्या तासात खातं उघडून देते, हे अगदी नेहमीचं आहे.

नंबरसाठीचा अर्ज सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात पासपोर्ट आणि आय-९४ दाखवून करायचा. कार्ड साधारण दोन आठवड्यांत टपालाने येतं. ते आलं की नंबर बँकेला कळवा. हे बरेच जण विसरतात आणि त्याचा फटका प्रश्न ७ मध्ये दिसतो.

२. हॉटेलमध्ये किंवा मित्राकडे राहतोय. पत्ता कोणता देऊ?

जिथे तुमच्या नावाचं टपाल खात्रीने पोचेल तो. डेबिट कार्ड, त्याचा पिन आणि सोशल सिक्युरिटी कार्ड सगळं टपालानेच येतं. मित्राच्या पत्त्यावर मागवत असाल तर त्याच्या टपालपेटीवर तुमचं नावही चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवू शकतो.

पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार नसेल तर कंपनीचं पत्र बऱ्याच बँका मानतात. त्यावर तुमचं नाव, पद, रुजू होण्याची तारीख आणि सध्याचा पत्ता असावा. कायमचं घर मिळालं की पत्ता बदलायचा तो सगळीकडे एकाच आठवड्यात आणि अगदी एकसारखा. फ्लॅट क्रमांक एका ठिकाणी लिहिला आणि दुसरीकडे गाळला, तर पुढे क्रेडिट अर्जाच्या वेळी ओळख पटवताना तेवढ्यावरही गाडी अडते.

३. चेकिंग आणि सेव्हिंग्जमध्ये फरक काय? दोन्ही हवीत का?

पगार चेकिंगमध्ये येतो आणि भाडं, बिलं त्यातूनच जातात. व्याज जवळपास शून्य असतं. सेव्हिंग्ज नंतर उघडलं तरी चालतं. कंपनीच्या पगार विभागाला खाते क्रमांकाबरोबर नऊ आकडी राउटिंग नंबर द्यावा लागतो.

उघडताना दोन गोष्टी विचारा. दरमहाचं शुल्क किती आणि ते कशाने माफ होतं (बहुधा पगार थेट जमा झाला की होतं), आणि ओव्हरड्राफ्ट बंद करून मिळेल का. बँक एफडीआयसीची सदस्य असेल तर प्रत्येक खातेदारामागे २,५०,००० डॉलरपर्यंतची ठेव विम्याखाली येते. क्रेडिट युनियनमध्ये हेच संरक्षण एनसीयूए देते.

४. पासपोर्टवर माझ्या आणि वडिलांच्या नावाचा घोळ आहे. कोणतं नाव लावू?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. पासपोर्टवर "गिव्हन नेम"च्या ओळीत तुमचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. मग बँक वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून घेते, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते पहिल्या नावाला जोडून येतं आणि कंपनीच्या नोंदीत मुळीच नसतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरी असते. त्यांच्या व्हिसावर सगळं नाव आडनावात सरकतं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे "पहिलं नाव अज्ञात", असं छापून येतं.

प्रमाण मानायचं ते सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव. बँक, क्रेडिट कार्ड आणि कंपनी या तिन्ही ठिकाणी तेच, तसंच्या तसं. कार्डावरच चूक असेल तर क्रेडिटचा पहिला अर्ज करण्याआधी ती दुरुस्त करून घ्या. एकाच माणसाच्या दोन अर्धवट क्रेडिट फाइल्स तयार झाल्या की त्या एकत्र करायला फार पत्रव्यवहार करावा लागतो.

५. भारतात माझा सिबिल स्कोअर उत्तम आहे. तो इथे धरत नाहीत का?

आपोआप धरत नाहीत. इथल्या एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्युरोंकडे तुमची फाइलच नसते. ट्रान्सयुनियनचं नाव सिबिलशी जोडलेलं असलं तरी दोन देशांतल्या नोंदी वेगळ्या असतात. तुमचा स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच.

एक पळवाट आहे. काही कार्ड कंपन्या अर्जाच्या वेळी तुमच्या संमतीने भारतातला क्रेडिट अहवाल मागवून पाहतात. अमेरिकन एक्सप्रेस त्यांतली एक. जुनी, स्वच्छ नोंद असेल तर पहिला अर्ज अशा ठिकाणी करून पाहायला हरकत नाही. पण भारतातली नोंद फक्त तो एक अर्ज मंजूर करण्यापुरती वापरली जाते. इथल्या ब्युरोत तुमची सुरुवात त्या कार्डापासूनच होते.

६. मग पहिलं क्रेडिट कार्ड मिळवायचं कसं? सिक्युअर्ड कार्ड म्हणजे काय?

सिक्युअर्ड कार्डासाठी तुम्ही आधी अनामत ठेवता, समजा ३०० डॉलर, आणि बहुधा तेवढीच मर्यादा असलेलं कार्ड मिळतं. अनामत म्हणजे आगाऊ भरणा नव्हे. खरेदीचं बिल दरमहा वेगळं भरावं लागतं. काही महिने नीट वापरल्यावर बँक ते साध्या कार्डात बदलते किंवा खातं बंद करताना पैसे परत देते.

घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे कार्ड तिन्ही ब्युरोंना कळवलं जातं का, आणि पुढे त्याच खात्यावर साधं कार्ड होतं का. पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर त्या कार्डाचा तुम्हाला काही उपयोग नाही. दुसरा प्रश्न एवढ्यासाठी की तेच खातं पुढे चालू राहिलं तर त्याचं वयही वाढत राहतं.

सगळ्यात आधी पगार जमा होतो त्या बँकेत विचारा. त्यांना तुमची आवक दिसत असते, त्यामुळे एक-दोन पगारांनंतर ते थेट साधं कार्डही देतात. डेबिट कार्ड कितीही वापरलंत तरी क्रेडिट नोंद बनत नाही, कारण चेकिंग-सेव्हिंग्जचे व्यवहार ब्युरोला जात नाहीत. घरभाडंही घरमालकाने किंवा एखाद्या सेवेने मुद्दाम कळवल्याशिवाय नोंदीत येत नाही.

७. स्कोअर दिसायला किती दिवस लागतात? ॲपमध्ये दिसतो तो आणि बँक सांगते तो वेगळा का?

बहुतेक बँका फायको स्कोअर पाहतात. तो ३०० ते ८५० असतो आणि तयार व्हायला किमान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. गेल्या सहा महिन्यांत ब्युरोकडे काही नोंदही झालेली असावी लागते. व्हँटेजस्कोअर नावाची दुसरी पद्धत त्याआधीच आकडा देते आणि फुकटची अनेक ॲप्स तोच दाखवतात. तिसऱ्या महिन्यात ॲपवर छान आकडा दिसतो, माणूस खुशीत कारच्या कर्जाला अर्ज करतो, आणि बँक म्हणते तुमचा स्कोअरच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

सहा महिने उलटूनही काहीच दिसत नसेल तर annualcreditreport.com वर तिन्ही अहवाल फुकट मागवा. अहवाल आणि स्कोअर वेगळे: अहवालात खात्यांची नोंद असते, आकडा नसतो. तिथे तुमचं कार्डच नसेल तर बहुधा ते पासपोर्टवर उघडलेलं असतं आणि नंतर सोशल सिक्युरिटी नंबर जोडलेला नसतो. कार्ड कंपनीला फोन करून नंबर जोडा, नाव आणि पत्ता कसा नोंदलाय तेही वाचून घ्या (प्रश्न २ आणि ४). ऑनलाइन ओळख पटली नाही तर अहवाल टपालानेही मागवता येतो.

८. दरमहा पूर्ण बिल वेळेवर भरतो, एक पैसा व्याज दिलेलं नाही. तरी स्कोअर पडला. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

बिलाला दोन तारखा असतात. एक स्टेटमेंटची, दुसरी पैसे भरण्याची शेवटची. दोन्हींमध्ये किमान २१ दिवस असतात. ब्युरोला साधारणपणे स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवली जाते. तुम्ही ती नंतर पूर्ण भरलीत तरी त्या महिन्यापुरता ब्युरोला दिसलेला आकडा तोच राहतो.

समजा कार्डाची मर्यादा ३०० डॉलर आहे आणि स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं. महिनाभरात २४० डॉलर खर्च झाले. ५ तारखेला २४० ची बाकी नोंदली गेली, म्हणजे मर्यादेच्या ८० टक्के. २६ तारखेला तुम्ही सगळे पैसे भरले. व्याज शून्य, उशीर शून्य. पण ब्युरोला दिसतो तो कार्ड जवळजवळ काठोकाठ भरलेला माणूस. आता तेच २४० खर्च करून ३ तारखेला २२० भरा. ५ तारखेला २० ची बाकी नोंदली जाईल, म्हणजे ७ टक्क्यांच्या आत. उरलेले २० नंतर शेवटच्या तारखेआधी भरायचे. खर्च तेवढाच, भरणा तेवढाच, फरक फक्त दिवसांचा.

ऑनलाइन भरणा खात्यावर चढायला एखाददुसरा दिवस लागतो, म्हणून ५ च्या सकाळी भरू नका. ३० टक्क्यांच्या आत राहा असं सगळीकडे सांगितलं जातं. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे, जितकं कमी तितकं बरं. दिलासा असा की हा परिणाम टिकत नाही. पुढच्या महिन्यात बाकी कमी दिसली की स्कोअर सावरतो. मर्यादा वाढली की ही कसरत आपोआप सुटते.

उशिराचं तसं नाही. शेवटच्या तारखेनंतर दोन दिवसांनी भरलंत तर दंड आणि व्याज लागतं, पण ब्युरोत उशीर नोंदला जातो तो ३० दिवस उलटल्यावर. नोंदला गेला की मात्र सात वर्षं अहवालात राहतो. म्हणून किमान रकमेचं ऑटोपे पहिल्या दिवशीच लावून ठेवा आणि बाकीचं हाताने भरा. भारतात सुट्टीवर गेलेल्या माणसाचा पहिला उशीर व्हायचा तो हमखास तिथेच.

९. अर्ज नाकारला. लगेच दुसरीकडे करू का?

थांबा. नाकारल्यास त्याची कारणं, किंवा ती मागायचा तुमचा हक्क, बँकेने ३० दिवसांत कळवायलाच हवा. ते पत्र वाचा. "क्रेडिट नोंद अपुरी" असेल तर दुसरी बँकही बहुधा तेच म्हणेल. "ओळख पडताळता आली नाही" असेल तर दोष नाव-पत्त्याचा आहे आणि तो एका फोनवर सुटू शकतो.

प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दोन वर्षं दिसते. जुन्या फाइलवर तिचं फारसं काही वाटत नाही, पण कोऱ्या फाइलवर एका आठवड्यात चार चौकश्या लगेच डोळ्यांत भरतात.

१०. पत्नी एच-४ वर आहे, तिला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. तिची नोंद कशी सुरू होईल?

संयुक्त चेकिंग खातं पासपोर्टवर उघडता येतं. सोयीचं आहे, पण त्याने क्रेडिट बनत नाही (प्रश्न ६). तिला तुमच्या कार्डावर ऑथराइज्ड यूजर करता येतं. मात्र नंबर नसताना ती नोंद ब्युरोपर्यंत पोचेल की नाही हे कार्ड कंपनीवर अवलंबून असतं, आधी विचारून घ्या. संयुक्त कर विवरणपत्राबरोबर तिच्यासाठी आयटीआयएन हा करासाठीचा क्रमांक घेता येतो आणि काही बँका त्यावर स्वतंत्र कार्डही देतात. पुढे एच-४ चा वर्क परमिट आला की नंबर मिळतो. तेव्हा आधीची खाती त्या नंबरला जोडून घ्यायची, नाहीतर तिची सुरुवात परत शून्यापासून.

११. भारतातलं बचत खातं आहे तसंच चालू ठेवलं तर काय बिघडतं? मी काही कायमचा आलेलो नाही.

कायमचं की तात्पुरतं, हा मुद्दा इथे येत नाही. नोकरीसाठी देश सोडलात त्या दिवसापासून फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी. १८२ दिवसांचा हिशेब आयकरासाठी असतो, आणि लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. अनिवासी झाल्यावर निवासी बचत खातं तसंच वापरणं नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं असतं.

प्रत्यक्षात वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही, हेही खरं. मग एक दिवस री-केवायसीचा निरोप येतो, तुम्ही परदेशात, खातं गोठलेलं, आणि त्याच खात्यातून गृहकर्जाचा हप्ता जायचा असतो. निघण्याआधी शाखेत जाऊन केलेलं काम इथून कागद साक्षांकित करून पाठवण्यापेक्षा कितीतरी सोपं. रूपांतरात खाते क्रमांक बदलणार का ते नक्की विचारा. बदलणार असेल तर हप्ते, विमा आणि एसआयपीच्या सूचना नव्याने द्याव्या लागतील. म्युच्युअल फंडांचं केवायसी वेगळं बदलायचं असतं, ते बँकेबरोबर आपोआप होत नाही.

१२. एनआरओ आणि एनआरई दोन्ही हवीत का?

भारतात भाडं, लाभांश असं काही उत्पन्न असेल तर एनआरओ लागतंच. इथला पगार भारतात पाठवणार असाल तर एनआरई हवं. जुनं बचत खातं एनआरई होत नाही, ते नवीन उघडावं लागतं.

फरक जाणवतो तो दोन ठिकाणी. एनआरओच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, कापले जातात. भारत-अमेरिका कर कराराखालचा कमी दर हवा असेल तर अमेरिकेचं कर-निवास प्रमाणपत्र बँकेला द्यावं लागतं. नाहीतर विवरणपत्र भरून परतावा मागायचा. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही.

दुसरा फरक पैसे बाहेर नेण्याचा. एनआरईतून कितीही परत आणता येतात. एनआरओतून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे आणि कर भरल्याचे कागद लागतात. एनआरईतून एनआरओमध्ये पैसे एका क्लिकवर जातात, उलट दिशेला मात्र तीच मर्यादा आणि तेच कागद. त्यामुळे इथून पाठवलेले पैसे आधी एनआरईतच घ्या, खर्चापुरते तिथून एनआरओमध्ये वळवा.

१३. भारतातला मोबाइल नंबर बंद झाला, ओटीपी येत नाही. आता?

बँकेत परदेशी नंबर नोंदवता येतो, बहुतेक मोठ्या बँका अनिवासी खात्यांसाठी तो घेतात. अमेरिकेतल्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यातून यूपीआयही चालतं, बँक आणि ॲपने सोय दिलेली असली तर. अडतं ते आधारशी. त्याचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. म्हणून सिम चालू ठेवणं सोयीचं. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमचे ओटीपी त्याच्या हातात पडू शकतात.

खात्यात दोन वर्षं तुमच्याकडून एकही व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज यात धरत नाहीत. अधूनमधून एखादी छोटी रक्कम इकडून तिकडे केली तरी पुरतं.

१४. आईच्या खात्यावर माझं दुसरं नाव आहे. तेही एनआरओ करायचं का?

नाही. निवासी आईच्या खात्यावर जवळचा नातेवाईक म्हणून अनिवासी मुलाचं नाव चालतं. फक्त तुमची निवासस्थिती बदलल्याचं बँकेला कळवा आणि त्यात स्वतःचे पैसे ठेवू नका. मात्र पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय हे खातं विसरू नका.

१५. एनआरई करमुक्त आहे, मग अमेरिकेत ते दाखवायची काय गरज?

करमुक्त भारतात. अमेरिकेत तुम्ही करदृष्ट्या रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न मोजलं जातं आणि एनआरईचं व्याज त्यात आलं.

शिवाय एफबार नावाची वेगळी नोंद आहे. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कुठल्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली की ती भरायची. ही मर्यादा दर खात्याची नाही, बेरजेची आहे. एनआरओत ४,०००, एनआरईच्या मुदत ठेवीत ४,००० आणि प्रश्न १४ मधल्या आईच्या खात्यात ४,००० असतील तर बेरीज १२,००० होते. मग तिन्ही खाती दाखवायची, आईचं पूर्ण रकमेनिशी, जरी त्यातला पैसा तिचाच असला तरी.

या नोंदीवर कर लागत नाही, पण न भरल्यास दंड जबर आहे. ती कर विवरणपत्राबरोबर जात नाही, फिनसेन या अमेरिकी सरकारी विभागाच्या संकेतस्थळावर वेगळी भरायची असते. मुदत १५ एप्रिल, आणि न मागताही १५ ऑक्टोबरपर्यंत वाढ मिळते. भारतातल्या म्युच्युअल फंडांना इथला कर कायदा बराच जाचक आहे. ते असतील तर पहिलं विवरणपत्र दोन्हीकडचं काम माहीत असलेल्या सल्लागाराकडूनच भरून घ्या.

१६. दोन-तीन वर्षांनी परत जाणार आहे. तेव्हा इथलं काय करायचं?

चेकिंग खातं लगेच बंद करू नका. शेवटचा पगार, कराचा परतावा आणि घराची अनामत महिनोन्महिने येत राहते. वार्षिक शुल्क नसलेलं एक जुनं कार्ड चालू ठेवता येतं, पण त्यासाठी इथला पत्ता मागतात का ते विचारा. भारतात परतल्यावर एनआरओ पुन्हा निवासी खातं करून घ्यायचं. त्यासाठीही बँकेला आपणहून सांगावं लागतं.